सुधारू पाहणाऱ्या चोराची कथा: त्याचा पाय पुन्हा घसरतो ते खरं कसं वाटावं

चोर तुरुंगातून सुटतो, कुठेतरी कामाला लागतो, आणि कथा मध्यावर आली की जुना साथीदार दारात उभा राहतो. ‘शेवटचं एकच काम,’ म्हणतो. नायक रात्रभर तळमळतो, जातो, पस्तावतो, सुधारतो. नव्या लेखकांच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. त्यात चोर असला की बहुतेक वेळा हाच सांगाडा असतो. वाचताना काहीतरी खोटं लागतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

खोट अशी आहे की पाय घसरण्याचा प्रसंग बाहेरून आणलेला असतो. साथीदार आला नसता तर नायक घसरलाच नसता, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात माणूस त्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी, आठवडे खर्च करून, प्रत्येक पावलाला चांगलं कारण देत पोचतो. ती चाल कशी बांधायची तेवढंच इथे सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एकच माणूस शेवटपर्यंत घेऊ: दिनकर, चाळिशीला टेकलेला, सराईत घरफोड्या, चार वर्षं आत काढून आलेला. आता घरसामान हलवणाऱ्या एका टोळीत हमालीला आहे.

## १. आधी चोरीचा प्रकार ठरवा

‘चोर’ एवढं म्हणून भागत नाही. खिसेकापूचं कसब बोटांत असतं आणि त्याचं प्रलोभन म्हणजे गर्दी. दुकानातून माल उचलणाऱ्याला कोण आपल्याकडे बघतंय हे पाठीला कळतं. अफरातफर करणाऱ्याला कागद दिसतो. घरफोड्याची सगळी भिस्त नजरेवर. यातला जो निवडाल त्यावरून त्याला कोणतं काम झेपेल, कुठे धोका आहे आणि तो कसा घसरेल, हे सगळं ठरतं. म्हणून हा निर्णय कथानकाच्या आधी घ्या.

ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ क्लेअर नी यांनी घरफोड्यांचा बराच अभ्यास केला आहे. अनुभवी घरफोड्याचं घर ‘वाचणं’ जवळजवळ आपोआप होतं, मुरलेल्या वाहनचालकाचे पाय जसे विचार न करता क्लचवर जातात तसं, असं त्यातून दिसतं. लेखकाला यातून एक गोष्ट फुकट मिळते. चोरी सोडायचा निश्चय झाला म्हणून नजर निवृत्त होत नाही.

दिनकर पहिल्याच दिवशी एका घरात शिरतो. खोकी अजून उघडून उभी केलेली नाहीत, आणि त्याला कळून चुकलंय की मागच्या खिडकीची कडी नुसती टेकलेली आहे, खालून उचलली तर निघेल. किल्ल्यांचा जुडगा दाराच्या आत डाव्या हाताला आहे. बाईंनी सगळी कपाटं दाखवली, पण तिसरा खण दाखवताना स्वतः पुढे होऊन तो कमरेने बंद केला. यातलं काहीही त्याने शोधलेलं नाही. त्याला ते दिसलं, एवढंच.

तपासा: नायकाला एका अनोळखी खोलीत सोडा आणि त्याला दिसणाऱ्या पहिल्या पाच गोष्टी लिहा. त्याच पाच गोष्टी एखाद्या शिक्षकाला किंवा सुताराला दिसल्या असत्या, तर तुमचा चोर अजून तुम्हाला सापडलेला नाही.

## २. चोरीने त्याला काय दिलं, ते लिहून काढा

‘पैसे’ हे उत्तर लिहू नका, किंवा लिहून बाजूला ठेवा. चोरीचा माल घेणारा खऱ्या किमतीचा लहानसा हिस्साच हातावर ठेवतो. मिळालेलं टिकत नाही, आणि मधले महिने रिकामे जातात. नीट हिशेब मांडला तर पुष्कळ चोरांची कमाई हमालापेक्षा फार वरची निघत नाही, आणि हे त्यांनाही माहीत असतं. तरी पाय तिकडे वळतात. का, ते सांगता आलं तर अर्धी कथा झाली.

दिनकरच्या बाबतीत मी दोनच गोष्टी धरतो. पहिली, दुसऱ्याच्या रिकाम्या घरातली शांतता. तिथे तो कुणाचा काही लागत नाही, आणि डोकं पहिल्यांदा गप्प होतं. दुसरी, तो त्या कामात वाकबगार होता. चार माणसं त्याला विचारायची, कुठून शिरायचं, कधी निघायचं. आता बावीस वर्षांचं एक पोरगं त्याला दोरीची गाठ शिकवतं आणि वर म्हणतं, “काका, असं नाही, सोडा, मीच बांधतो.” पोरगं वाईट नाही. त्याची गाठ खरंच चांगली आहे. म्हणूनच ते लागतं.

या दोन गोष्टी कागदावर मांडल्या की नव्या कामात त्यांच्या जागी काय आहे ते विचारा. दिनकरच्या बाबतीत: शांततेच्या जागी दिवसभर आरडाओरडा, वाकबगारीच्या जागी ‘काका, सोडा’. पुढे तो घसरेल तो पैशासाठी नाही, या दोन रिकाम्या जागा भरायला.

सावधान: आजारी आई, लेकराचं ऑपरेशन, डोक्यावर आलेली मुदत. अशा गरजेपोटी केलेली चोरी हा त्याग होतो, घसरण राहत नाही. वाचक लगेच माफ करतो आणि लेखकाच्या हातातलं सगळं संपतं. गरज असू द्या, पण ती थोडी टाळता येण्यासारखी असावी.

## ३. काम खरं करा, आणि त्यातून त्याला काहीतरी द्या

पुष्कळ कथांत प्रामाणिक काम दोन ओळींत उरकलेलं असतं: घाम, कमी पगार, मालकाचे टोमणे. मग पाय घसरला तर गमावण्यासारखं काहीच उरत नाही. काम असं लिहा की ते करता येणं ही एक कमाई वाटेल.

सामान हलवण्याच्या कामात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पुस्तकं लहान खोक्यात भरायची, कारण मोठं खोकं भरलं की उचलत नाही आणि तळातून फाटतं. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या की सगळ्यांचं वजन तळच्या ताटलीवर येतं. पलंग सोडवला की त्याचे नटबोल्ट पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाला चिकटपट्टीने बांधायची, नाहीतर नव्या घरी मध्यरात्री शोधाशोध. गाडीत जड सामान आधी, केबिनच्या बाजूला. यातलं एखादं कसब दिनकरला येऊ द्या. दुसऱ्या महिन्यात तो एकदा काचेचं मोठं कपाट अरुंद जिन्यातून उतरवतो. कुठल्या पायरीवर कोन बदलायचा ते त्याला आधीच दिसतं. मुकादम नुसतं “हं” म्हणतो. दिनकरला तो ‘हं’ झोपेपर्यंत पुरतो.

इथे एक विचित्र गंमत आहे आणि ती सोडू नका. जिन्याचा कोन त्याला ज्या नजरेने दिसला, ती खिडकीची कडी पाहणारीच नजर आहे. जे कसब त्याला कामात वर आणतं तेच त्याला बुडवणार आहे.

तपासा: हा भाग वाचून वाचकाला दिनकरने ही नोकरी टिकवावी असं वाटतं का? नुसतं ‘सुधारावा’ असं नाही, ही नोकरी, हे जिने, तो ‘हं’. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. घसरण उलट्या क्रमाने बांधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली व्यसन सुटलेली माणसं पुन्हा त्याकडे कशी वळतात याची मांडणी केली. मार्लाट यांचं काम मुख्यतः दारूच्या व्यसनावर होतं, पण त्यातली एक कल्पना चोराच्या कथेला जशीच्या तशी लागू पडते. मोहाच्या क्षणाच्या कितीतरी आधी माणूस काही छोटे निर्णय घेतो. वरवर त्यांचा व्यसनाशी काही संबंध दिसत नाही, प्रत्येकाला सरळ कारण असतं, आणि सगळे मिळून त्याला अशा जागी आणून उभं करतात की तिथून मागे फिरणं जवळपास अशक्य होतं. सोडलेला दारुडा ‘फक्त सिगारेट घ्यायला’ नेमका गुत्त्याशेजारच्या टपरीवर जातो, तसं.

तेव्हा चोरीपासून सुरुवात करा आणि मागे जा. दिनकर काय उचलतो? एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खणातलं मनगटी घड्याळ, बंद पडलेलं. त्या वेळी तो घरात एकटा का आहे? शेवटची दोन खोकी आणि झाडलोट राहिली होती म्हणून. त्याच्याकडे किल्ली का आहे? आदल्या संध्याकाळी मुकादम घाईत होता, त्याने किल्ली याच्याकडे टाकली. ती कार्यालयात जमा का केली नाही? कार्यालय वाटेवरच होतं, पण बंद झालं असेल असं त्याला वाटलं. वाटलं, त्याने पाहिलं नाही. मागे राहून झाडलोट करायचं काम त्यानेच का मागून घेतलं? जादा तासांचे पैसे हवे होते. ते का? मुकादमाकडून उचल घेतली होती, ती फेडायची होती. ही उचल बहिणीला का सांगितली नाही? ती काळजी करेल म्हणून. आणि उचल लपवायची म्हणजे रविवारी तिच्याकडे जेवायला जाणं आलं की प्रश्न आले, म्हणून दोन रविवार तो गेला नाही. त्याच्याशी खरं बोलणारं माणूस जगात तेवढं एकच होतं.

(मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशाला आपण ‘उचल’ म्हणतो आणि चोरीलाही ‘उचलणं’. भाषेने ही सोय करून ठेवलीच आहे, पण कथेत तिच्यावर कोटी करू नका. वाचकाला आपोआप ऐकू येईल.)

आता हीच साखळी सुलट लिहा. उचल, चुकवलेले रविवार, मागून घेतलेलं काम, खिशातली किल्ली. प्रत्येक कडी वेगळ्या प्रसंगात ठेवा, आणि प्रत्येक प्रसंगाचा विषय वेगळाच असू द्या. उचलीचा प्रसंग बुटांचा आहे: जुने बूट फाटलेत, जड कपाट पायावर पडलं तर बोटं जातील, नवे घ्यायलाच हवेत. रविवारचा प्रसंग पावसाचा आहे. किल्लीचा प्रसंग मुकादमाच्या दुखऱ्या दाताचा. वाचकाने पहिल्या वाचनात दात लक्षात ठेवावा आणि किल्ली विसरावी. दुसऱ्या वाचनात उलटं व्हावं.

सावधान: निवेदकाला डोळा मारू देऊ नका. ‘त्याला कुठे ठाऊक होतं की ही किल्ली…’ असं एक वाक्य आलं की साखळी तुटली. दिनकरलाही ठाऊक नाही. किंवा ठाऊक आहे, पण ज्या खोलीत ते ठाऊक आहे त्या खोलीचं दार त्याने लावून घेतलंय. हे दुसरं जास्त खरं.

तपासा: साखळीतलं प्रत्येक कारण दिनकरने बहिणीला तोंडावर सांगितलं असतं, तर तिला पटलं असतं का? एकेक पटायला हवं. सगळी एकदम सांगितली तर मात्र तिने त्याच्याकडे नुसतं बघत राहावं.

हे सगळं कधी घडवायचं? अमेरिकेच्या न्याय विभागाने २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा पाच वर्षं माग ठेवला. तीन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश, पाच वर्षांत सुमारे तीन चतुर्थांश लोकांना पुन्हा अटक झाली, आणि मालमत्तेच्या गुन्ह्यात आत गेलेल्यांचं प्रमाण त्याहून वरचं होतं. ज्यांना अटक झाली त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ती पहिल्याच वर्षात झाली. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, आणि एका देशाचा आकडा सगळीकडे चालत नाही. पण कथेच्या दिनदर्शिकेला एवढा इशारा पुरे आहे: नायक दहा वर्षं सरळ राहून एका रात्रीत घसरत असेल, तर तसं जबर कारण द्यावं लागेल. दिनकरला मी चौथ्या महिन्यात घसरवतो. पहिल्या महिन्यात भीती राखण करते. चौथ्यात सगळं बरं चाललेलं असतं, आणि पहारा सैल पडतो.

## ५. चोरीचा प्रसंग लहान ठेवा

मागची तयारी झाली असेल तर हा प्रसंग एका पानात आटोपतो. तो लांबला की समजा, साखळी कच्ची राहिली आणि आता तुम्ही इथे भरपाई करताय.

नेहमीची चूक म्हणजे घाम, थरथरते हात, छातीत धडधड. ही नवशिक्याची लक्षणं झाली. सराईत माणसाचं शरीर इथे उलट वागतं. मी तो प्रसंग साधारण असा लिहीन:

*खण अर्ध्यावर अडला. दिनकरने तो वर उचलला आणि ओढला. जुने खण असेच निघतात. आत इस्त्रीची घडी मोडलेले रुमाल, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, घड्याळ. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला. त्याने घड्याळ कानाला लावलं. चालत नव्हतं. खण सरकवताना त्याने तो पुन्हा तसाच उचलला, आवाज झाला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काही धडकलं नव्हतं. मग त्याने खोली झाडली, कोपरेसुद्धा.*

इथे पश्चात्तापाचा एक शब्दही नाही, कारण त्या क्षणी तो नसतो. त्याला बरं वाटतंय. वाचकाला हे खटकलं पाहिजे, आणि त्याहून जास्त, कळलं पाहिजे. आणि वस्तू क्षुल्लक असू द्या. दागिन्यांचा डबा उचलला की लोभ दिसतो. बंद घड्याळ उचललं की दुसऱ्या टप्प्यात मांडलेली रिकामी जागा दिसते.

## ६. दुसरा दिवस: खरी घसरण इथे आहे

बहुतेक कथा चोरीनंतर थेट पकडण्यावर किंवा रडण्यावर उडी मारतात. मधला दिवस गाळतात. माझ्या मते कथेतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस तोच.

मार्लाट यांच्या मांडणीत एकदा पाय घसरणं आणि पुन्हा त्या वाटेला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यातून दुसरीत माणूस कसा जातो, तर स्वतःला दिलेल्या स्पष्टीकरणातून. ‘काल मी एकटा होतो, किल्ली खिशात होती, तिथे चुकलो’ असं म्हणणाऱ्याला सावरायला जागा राहते. ‘मी मुळात असाच’ असं म्हणणाऱ्याला ती राहत नाही. आणि ज्याने स्वतःला ‘आयुष्यात पुन्हा कधीच नाही’ असा कडक नियम घातलेला असतो तो जास्त जोरात आपटतो, कारण त्याच्या हिशेबात एकदा आणि शंभरदा सारखंच.

म्हणून दिनकरला दुसऱ्या दिवशी पकडू नका. काहीच होऊ देऊ नका. म्हाताऱ्या गृहस्थांना घड्याळाची आठवणही नाही. मुकादम उलट म्हणतो, “खोली चकाचक ठेवलीस. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं.” ही शाबासकी त्याला सहन होत नाही. घड्याळ त्याच्या पिशवीत, चिकटपट्टीच्या रिळाखाली आहे, आणि दर वेळी पट्टी काढताना त्याचा हात त्याला लागतो. दुपारपर्यंत त्याने ठरवलेलं असतं की लोक ज्याला शाबासकी देतायत तो माणूस अस्तित्वातच नाही.

मग दुसरी चोरी येते, आणि ती पहिलीपेक्षा कुरूप हवी. दिनकर त्या बावीस वर्षांच्या पोराच्या, गाडीत टांगलेल्या जाकिटातून थोडे पैसे काढतो. इथे शांतता नाही, कसब नाही, मजा नाही. पहिल्या चोरीत त्याला काहीतरी हवं होतं. दुसरीत त्याला फक्त सिद्ध करायचंय की तो हाच आहे. दोन्ही चोऱ्यांचं इंजिन वेगळं ठेवलंत तर वाचक तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवेल. नायकावरचा त्याचा विश्वास मात्र इथे उडतो. उडू द्या.

तपासा: दुसरी चोरी काढून टाकली तर कथा जास्त गोड होते का? होत असेल तर ती ठेवा.

## ७. परत येण्याची वाट

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वस्तू गुपचूप परत ठेवणं. लेखकाला ते सुंदर वाटतं: रात्री चोर पावलांनी येऊन घड्याळ खणात ठेवणारा नायक. जरा विचार करा, त्यासाठी त्याला काय करावं लागेल. घरावर पाळत, किल्ली किंवा खिडकी, आवाज न करता खण उघडणं. म्हणजे तो आणखी एक घरफोडी करतोय, आणि या वेळी स्वतःला शाबासकी देत. त्याच्या नजरेला जे हवं होतं ते सगळं पुन्हा मिळालं. घड्याळ दिवसाउजेडी, दार वाजवून, हातात द्यावं लागेल.

आधी कुणाला सांगायचं? साखळीत जी कडी सगळ्यात आधी तुटली तिला. दिनकर बहिणीकडे जातो, रविवार नसताना. तिचं बोलणं मी लहान ठेवीन. “कधीपासून?” ती विचारते. तो म्हणतो, “मंगळवारपासून.” ती म्हणते, “मंगळवार नाही दादा, पाऊस होता त्या रविवारपासून.” वाचक जी साखळी नकळत वाचत आला ती तिने एका वाक्यात उलगडली. यापुढे तिने उपदेश केला तर वाक्य फुकट जाईल.

मग मुकादम. तो ओरडत नाही. हिशेब करतो, उचल वजा करतो, उरलेले पैसे हातात ठेवतो आणि म्हणतो, “उद्यापासून येऊ नकोस.” कबुलीला किंमत हवी, आणि ती कबुलीच्या चांगुलपणामुळे कमी होता कामा नये. वस्तू परत केली म्हणून गुन्हा पुसला जात नाही, हेही लक्षात असू द्या. तक्रार होते की नाही, हे तुम्ही ठरवा, पण ठरवा. विसरल्यासारखं सोडलंत तर चौकस वाचक तिथेच अडेल.

आणि शेवटी ते गृहस्थ. घड्याळ बघून ते माफ करत नाहीत, हाकलतही नाहीत. चष्मा लावतात आणि विचारायला लागतात. चांदीची डबी? ती मी नाही. बायकोचं पेन? नाही. मागच्या वर्षीपासून दिसत नसलेली छत्री? बाबा, मागच्या वर्षी मी आत होतो. ते मान हलवतात, आणि पुढची वस्तू विचारतात. दिनकर खरं बोलतोय, आयुष्यात पहिल्यांदा सलग खरं बोलतोय, आणि त्यातल्या एकाही शब्दावर समोरच्याचा विश्वास नाही. हा प्रसंग लांबवा. मागे चोरीच्या प्रसंगात वाचवलेली जागा इथे खर्च करा.

या टप्प्यावर नायकाची भाषा सांभाळा. गुन्हेगारीचे अभ्यासक शॅड मरूना यांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या आत्मकहाण्या ऐकल्या आणि २००१ साली त्यावर लिहिलं. सोडलेली माणसं ‘मी नीच होतो’ असं घोळवत बसत नव्हती. आपण मुळात बरे आहोत, मध्ये भलतीकडे गेलो, आणि आता पुढचं आपल्या हातात आहे, असा त्यांच्या सांगण्याचा सूर होता. न सोडलेल्यांचा सूर ‘माझ्या हातात काही नव्हतंच’ असा. म्हणजे स्वतःला शिव्या देणारं लांबलचक स्वगत हे सुधारणेचं लक्षण म्हणून लिहू नका. ते सहाव्या टप्प्यातल्या ‘मी असाच’चंच दुसरं रूप आहे.

## ८. बदल कुठे दाखवायचा

उघडा खण, समोर पैसे, नायक हात मागे घेतो. हा शेवट लिहायचा मोह होईल. पण चौथ्या टप्प्यात आपण मान्य केलंय की खणापाशी पोचल्यावर फार उशीर झालेला असतो. तेव्हा बदल दाखवायचा तर साखळीतली बरीच आधीची एक कडी घ्या आणि तिथे त्याला वेगळं वागायला लावा. कोणती कडी, हे निवडताना जिच्यामुळे इतरांची थोडी गैरसोय होईल ती घ्या. गैरसोय नसेल तर तो निर्णय फुकटचा वाटतो.

चोर आता लोकांना कुलुपांचे सल्ले देतो, हा शेवट मात्र नको. कसब कामाला आलं याचा आनंद लेखकालाच जास्त होतो.

दिनकरला दुसऱ्या टोळीत काम मिळायला बरेच आठवडे जातात, पहिल्यापेक्षा कमी मजुरीवर. तिथला मुकादम एका संध्याकाळी गाडीत चढताचढता त्याच्याकडे किल्ली टाकतो. “सकाळी तूच उघड.”

दिनकर ती झेलतो, गाडीच्या खिडकीपाशी जातो आणि परत देतो. “तुम्हीच ठेवा.”

“मला मग सहाला यावं लागेल.”

“हो,” दिनकर म्हणतो.

मुकादम वैतागून किल्ली समोरच्या कप्प्यात फेकतो आणि गाडी सुरू करतो.